ओळख करून देताना आधी विचारा, मग ईमेल पाठवा

मैत्रिणींनो, प्रदर्शनात शहरातल्या एक दुकानदारताई तुम्हाला विचारतात, "नाचणीचे पापड कोण करतं हो?" शेजारच्या गावचा गट तुम्हाला माहीत असतो. आपण लगेच त्या गटाच्या सचिवताईंचा नंबर देऊन मोकळ्या होतो. मग भर कामात त्यांना अनोळखी फोन येतो, दर पटकन सांगता येत नाही, आणि दोघींचाही वेळ जातो.

म्हणून नंबर देण्याआधी सचिवताईंना एकटीला विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तरी पुरे:

"ताई, शहरातल्या एका दुकानाला दरमहा २० किलो नाचणीचे पापड हवेत. तुमचा ईमेल त्यांना देऊ का? जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा. तुमचं नाव मी अजून त्यांना सांगितलेलं नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. नाव आधीच सांगितलं असेल, तर ताईंना 'नाही' म्हणणं अवघड जातं.

समजा, ताई म्हणाल्या, "पावसात वाळवण होत नाही. दिवाळीनंतर १२ किलो जमेल." आता हे दुकानदारताईंना कळवा, गटाचं नाव न घेता. त्यांना चालत असेल तर त्यांचा ईमेल गटाला द्यायची परवानगीही घ्या. दोघींचा होकार आला, की दोघींचे पत्ते To मध्ये घालून एकच ईमेल पाठवा. विषयात लिहा: "ओळख: नाचणी पापड गट आणि दुकान". मजकूर असा:

"नमस्कार. सचिवताई, या दुकानदारताई. यांना घरगुती पापड दुकानात ठेवायचे आहेत. दुकानदारताई, या गटाच्या सचिव. यांचे पापड मी स्वतः दोन प्रदर्शनांत विकले आहेत. दिवाळीनंतर दरमहा १२ किलो देता येतील. दर तुम्ही दोघींनी ठरवावा. आधी दुकानदारताईंनी पाव किलो नमुना मागवावा, ही विनंती."

प्रत्येकीबद्दल दोन-तीनच वाक्यं आहेत, पण समोरचीला जे हवं तेच त्यात आहे. 'एक नंबर माल' असं लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतः पाहिलं तेवढंच लिहिलंय. उद्या माल खराब निघाला तर शब्द तुमचा जातो. आणि पुढचं पाऊल कोणी टाकायचं तेही लिहिलंय. ते नसेल तर दोघी एकमेकींची वाट बघत बसतात.

ज्या ताई आधी उत्तर देतील त्यांनी Reply all करून तुमचा पत्ता Bcc मध्ये टाकावा. बोलणं सुरू झालं हे तुम्हाला कळतं, आणि पुढची भावाची घासाघीस तुमच्याकडे येत नाही.

आणि सचिवताईंनी नकार दिला तर? दुकानदारताईंना एवढंच सांगा, "सध्या तसा गट मिळत नाहीये." आठवडाभर उत्तरच आलं नाही, तर एकदा आठवण करा. तरीही गप्प राहिल्या तर तो नकारच समजा. नंबर मात्र देऊ नका.