एका अंगठ्याचा गेम : जॉयस्टिक आणि बटणं कुठे ठेवावीत?



आमच्या आठवीच्या मुलांनी राक्षसांशी लढण्याचा एक मोबाइल गेम बनवला. स्क्रीनवर डावीकडे जॉयस्टिक, उजवीकडे हल्ल्याचं बटण. पण वर्गातल्या एकाचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, त्याला खेळताच येईना. मग मुलांनी ठरवलं की गेम एका हाताने खेळता आला पाहिजे. त्यातून तयार झालेला हा पाठ तुम्हीही घेऊन पाहा.

आधी अंगठ्याची पोहोच बघा. फोनच्या मापाचा कागद कापून स्क्रीनवर चिकटवा. अंगठ्याला स्टॅम्प पॅडची शाई लावा, फोन उभा धरा आणि पकड न बदलता अंगठा फिरवा. कागदावर पंख्यासारखा डाग उमटेल. उजव्या हाताने धरल्यास वरचा डावा कोपरा कोरा राहतो. गंमत म्हणजे खालचा उजवा कोपराही बहुधा फिकाच राहतो, कारण तिथे अंगठा फार दुमडावा लागतो. लहान-मोठ्या हातांचे कागद एकमेकांवर ठेवा. सगळ्यांचे डाग जिथे जुळतात, तीच आपली जागा.

जॉयस्टिक एका जागी बांधू नका. काचेवर बोटाला कडा जाणवत नाही, त्यामुळे अंगठा नकळत सरकतो. मूल सारखं खाली अंगठ्याकडे बघू लागलं, की समजा हेच होतंय. त्यापेक्षा अंगठा टेकेल तिथेच जॉयस्टिकचा मध्य धरा. मध्याजवळची थोडीशी हालचाल मोजू नका, नाहीतर नुसत्या थरथरीनेही नायक पळत सुटेल.

आता खरी अडचण. अंगठा एकच. हल्ल्याचं बटण दाबायला तो जॉयस्टिकवरून उचलला, की नायक उभा राहतो आणि मार खातो. बटण जवळ आणूनही हे सुटत नाही, म्हणून नियमच बदलावा लागतो. २०१९ साली आलेल्या ‘आर्चेरो’ या गेममध्ये अंगठा उचलला की नायक थांबतो आणि आपोआप बाण सोडू लागतो. आमच्या मुलांनी हीच युक्ती घेतली. थांबणं हाच हल्ला झाला आणि ते बटण गेलं.

उरलं क्वचित लागणारं ‘महाअस्त्र’. ते डागाच्या आत, पण अंगठा नेहमी टेकतो त्या जागेपासून दीड-दोन सेंटीमीटर दूर ठेवलं, म्हणजे चुकून दाबलं जात नाही. अँड्रॉइडच्या सूचनेप्रमाणे बटण किमान ४८ डीपी हवं. धावपळीच्या खेळात आम्ही ६४ घेतलं. ‘थांबा’चं बटण मात्र मुद्दाम वर, पोहोचेबाहेर ठेवलं. स्क्रीनची खालची कड मोकळी सोडली, कारण तिथून वर सरकवलं की अनेक फोनवर गेममधून बाहेर पडायला होतं.

शेवटी डावखुऱ्यांसाठी सगळी मांडणी आरशासारखी उलटवणारा पर्याय द्या. प्लास्टरवाला मुलगा उजव्या हाताने खेळला आणि त्याच दिवशी एका डावखुऱ्या मुलीने विचारलं, “सर, माझं काय?”