खरी वाक्ये शोधताना

प्रश्न : आठवीला कर्मणी प्रयोग शिकवायचा आहे. पुस्तकाबाहेरची वाक्ये कशी मिळवू?

उत्तर : मराठी बातम्या-कथा UTF-8 मजकूर फायलींत साठवून AntConc या शब्द शोधण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. शब्दव्याख्येच्या सेटिंगमध्ये Mark वर्ग निवडा, नाहीतर काना-मात्रेपाशी शब्द तुटतात. ‘*ने’ शोधलेत तर ‘महिने’, ‘सोने’ही येतील. त्यापेक्षा क्रियापद शोधा :

```
खाल्ल*
```

ओळी डावीकडच्या पहिल्या शब्दानुसार लावा. तिथे बहुधा कर्म असते, त्यामुळे ‘आंबा खाल्ला’, ‘भाकरी खाल्ली’ अशा जोड्या एकत्र दिसतात आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे मुलेच ओळखतात. ‘खाल्ल्यावर’सारखी रूपे गाळा. ‘मी आंबा खाल्ला’मध्ये ‘ने’ दिसत नाही. अशी वाक्ये दुसऱ्या तासाला घ्या.