घटक ५ : आजीचे पत्र – मायना आणि बोली

५.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, कौटुंबिक पत्राचे मायना, मजकूर आणि समाप्ती हे तीन भाग आपणांस परिचित आहेत. या घटकात आपण एकच पत्र बारकाईने वाचणार आहोत. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यातल्या एका खेड्यातून आजीने नांदेडच्या वसतिगृहात राहणाऱ्या नातीला ते पाठविले आहे, अशी कल्पना करून हा नमुना रचला आहे. आजीला लिहिता येत नाही. ती सांगते आणि शेजारचा शाळकरी मुलगा लिहितो.

५.२ नमुनापत्र

॥ श्री ॥
चि. मुक्ता हीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे.
लेकरा, हितं समदं बरं हाय. हरभऱ्याला घाटे लागायलेत. आठ दिस झाले, तुझे आजोबा फाट्यावर जाऊन येष्टीकडं बघायलेत, पण तुझं नाव काढत न्हाईत. येळवसीला तू नसलीस तर भज्जी कुणासाठी करू? मेसचं आवडलं नाही तरी उपाशी झोपू नको, माझे बाई.
कळावे,
तुझी आजी

५.३ मायन्याची भाषा

‘चि.’ म्हणजे चिरंजीव. वयाने लहान असलेल्या आप्तासाठी हा शब्द वापरतात. नातीने उत्तर लिहिताना मात्र ‘ती. स्व.’, म्हणजे तीर्थस्वरूप, असे लिहावयाचे असते, कारण परंपरेने ‘तीर्थरूप’ हा शब्द आईवडिलांसाठी आणि ‘तीर्थस्वरूप’ हा इतर वडीलधाऱ्यांसाठी योजला जातो. तसेच, वडीलधारी व्यक्ती आशीर्वाद देते आणि लहान व्यक्ती नमस्कार करते. म्हणून मायना वाचताच नात्यातील उतरंड कळते.

आता ‘हीस’ हे रूप पाहा. ‘ही’ या तृतीयपुरुषी सर्वनामाला चतुर्थीचा ‘स’ प्रत्यय लागला आहे. पत्र नातीलाच लिहिले असले, तरी मायना तिच्याविषयी बोलल्यासारखा आहे. पुढील दोन वाक्यांतही ‘तू’ कोठे येत नाही. ‘इकडील सर्व क्षेम’ या वाक्यात क्रियापदही नाही. हे सारे साच्यातील शब्द आहेत. त्यांतून आदर आणि आशीर्वाद पोहोचतात, पण आजीचा आवाज अद्याप ऐकू येत नाही.

५.४ साचा कोठे संपतो?

‘लेकरा’ या संबोधनापाशी तो संपतो. ‘लेकरू’ हे नाम नपुंसकलिंगी असल्याने नात आणि नातू दोघांनाही ही हाक चालते. त्यापुढचे वाक्य विशेष लक्षात घ्यावे. ‘इकडील सर्व क्षेम’ आणि ‘हितं समदं बरं हाय’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे. पहिले वाक्य लेखकाने शाळेत शिकलेल्या नमुन्यातून आले, तर दुसरे आजीने सांगितले. एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली, यावरून या पत्राला दोन हात लागले आहेत हे ओळखता येते.

‘लागायलेत’ आणि ‘बघायलेत’ ही मराठवाडी बोलीतील चालू वर्तमानकाळाची रूपे आहेत. प्रमाण मराठीत तेथे ‘लागत आहेत’, ‘बघत आहेत’ असे येईल. ही रूपे अशुद्ध नाहीत. त्यांत काळ आणि वचन नियमाने व्यक्त होते. ‘आजोबा बघायलेत’ येथे एकाच व्यक्तीसाठी आलेले अनेकवचन आदरार्थी आहे, तर नातीसाठी ‘तू’ आहे. म्हणजे बोलीतही आदराची व्यवस्था पूर्णपणे पाळलेली दिसते.

‘येळवस’ म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर परिसरातील कुटुंबे शेतात कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण करतात. त्या दिवशी सारे घर शेतात असते. त्यामुळे ‘भज्जी कुणासाठी करू?’ हा प्रश्न स्वयंपाकाविषयीचा नाही. ‘सुट्टी काढून ये’ असे आजी कोठेही म्हणत नाही, आणि आजोबांची आठवणही ती फाट्यावरच्या येरझाऱ्यांतूनच सांगते.

५.५ दुरुस्तीचा प्रश्न

लिहिणाऱ्या मुलाने ‘बघायलेत’ खोडून ‘बघत आहेत’ लिहिले असते, तर अर्थ बदलला नसता. मात्र ते वाक्य कोणत्याही आजीचे झाले असते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच बोली बोलली जाते आणि शाळेच्या वहीत तिच्याखाली लाल रेघ ओढली गेली असेल. कार्यालयीन अर्जात प्रमाण रूप आवश्यक आहे, कारण तेथे वाचणारा अनोळखी असतो. घरच्या पत्रात वाचणारा लिहिणाऱ्याचा आवाज ओळखतो, आणि तो ओळखू यावा हेच त्या पत्राचे प्रयोजन असते.

५.६ स्वाध्याय

१. मुक्ताच्या उत्तराचा मायना लिहा व त्यातील प्रत्येक संक्षेप सोडवा.
२. नमुनापत्रातील बोलीरूपे शोधून त्यांची प्रमाण रूपे द्या. त्या बदलाने काय हरवते, ते पाच ओळींत लिहा.
३. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगितलेला मजकूर जसाच्या तसा लिहून घ्या. कोणते शब्द बदलण्याचा मोह झाला, त्यांची नोंद करा.