स्वाइप मशीनवर ‘नेटवर्क एरर’ आल्यास

ग्राहक समोर उभा आहे, १,२५० रुपयांचे बिल तयार आहे आणि मशीनच्या पडद्यावर ‘नेटवर्क एरर’ उमटले आहे. अशा वेळी कर्मचाऱ्याने पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. पडद्याच्या वरच्या बाजूस सिग्नलच्या रेघा पाहाव्यात. त्या नसतील, तर मशीन दाराजवळ न्यावे. लोखंडी कपाटांच्या आड सिग्नल क्षीण होतो.

२. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे सिमकार्ड नव्याने नेटवर्क शोधते.

३. मशीन वाय-फायवर चालत असल्यास त्याच वाय-फायवर मोबाइलमध्ये एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले नाही, तर दोष बहुधा मशीनचा नसून इंटरनेटच्या जोडणीचा असतो.

४. जोडणी परत आली, तरी कार्ड लगेच पुन्हा लावू नये. घाईत नेमकी हीच पायरी गळते. बँकेची मंजुरी मशीनपर्यंत पोहोचण्यापूर्वी जोडणी तुटली, तर ग्राहकाच्या खात्यातून १,२५० रुपये वजा होतात, पावती मात्र निघत नाही. म्हणून ग्राहकाला बँकेचा संदेश आला आहे का, हे विचारावे. आला असल्यास शेवटच्या व्यवहाराची पावती पुन्हा छापून पाहावी. तीही निघाली नाही, तर मशीनवरील टर्मिनल क्रमांक सांगून बँकेच्या मदत केंद्राकडे चौकशी करावी.

व्यवहार अपुरा राहिल्याचे कळल्यास ग्राहकाकडून रोख रक्कम घेता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार वजा झालेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी लागते. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकास मिळते.