वालेन्सियाला निघालेल्या भाचीला चार क्रियापदांविषयी

पोरी, तुझे काळ पाठ आहेत, शब्दसंग्रहही बरा आहे. तरी तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यात तू अडशील ती साध्याच बोलण्यात. ‘आत्ताच जेवले’, ‘पुन्हा फोन केला’, ‘मी सहसा उशिरा झोपते’, ‘झोपावंसं वाटतंय’. आपण दिवसभर हेच तर बोलत असतो. स्पॅनिशमध्ये यांतल्या प्रत्येकासाठी बांधून ठेवलेली क्रियापदं आहेत: आकाबार दे, बोल्बेर आ, सोलेर आणि तेनेर गानास दे. त्यांच्यामागून येणारं मुख्य क्रियापद मूळ रूपातच राहतं, शेवटच्या ‘र’सकट: कोमेर, येगार, दोर्मिर. कोण आणि कधी, हे सगळं पहिला शब्द सांगतो. म्हणून चूक होते तीही पहिल्या शब्दात, आणि आपल्या लोकांची चूक बहुतेक वेळा मराठीच्या सवयीतून येते.

सगळ्यात जास्त जप ते आकाबार दे. ‘मी आत्ताच जेवले’ याला स्पॅनिश माणूस ‘आकाबो दे कोमेर’ म्हणतो. आकाबो हा वर्तमानकाळ आहे. आपलं ‘जेवले’ भूतकाळी, त्यामुळे जिभेवर ‘आकाबे दे कोमेर’ येतं. गंमत अशी की ते वाक्य व्याकरणाने चुकीचं नाही, म्हणून तुला कुणी टोकणारही नाही. पण त्याचा अर्थ होतो ‘माझं जेवण उरकलं’. जेवण केव्हा उरकलं, आत्ता की काल दुपारी, हे त्यात येतच नाही. ओळखायची खूण सांगते: आकाबारच्या जागी तेर्मिनार, म्हणजे संपवणं, घालून बघ. अर्थ तसाच राहिला तर तू ‘उरकलं’ म्हणत आहेस. तुला ‘आत्ताच’ म्हणायचं असेल तर आकाबो हवं.

हीच गोष्ट नंतर कुणाला सांगताना आकाबोचं आकाबाबा करायचं, म्हणजे अपूर्ण भूतकाळ. ‘आकाबाबा दे कोमेर’: मी नुकतीच जेवले होते. ‘नुकतंच’ या अर्थाने ही दोनच रूपं धरून ठेव, आकाबो आणि आकाबाबा. बाकीच्या काळांत आकाबार बहुधा ‘संपवणं’ या मूळ अर्थावर परततो. वर्तमानातही दोन जागा सांभाळायच्या. ‘क्वांदो आकाबो दे कोमेर’ म्हणजे ‘जेवण झालं की’, तिथे ‘नुकतंच’ नाही. आणि नकार लावलास की अर्थच बदलतो: ‘नो आकाबो दे एन्तेन्देर’ म्हणजे ‘मला काही नीटसं उमगत नाहीये’. वर्गात, बँकेत, घरभाड्याच्या करारावर सही करताना हे वाक्य तुला फार उपयोगी पडेल. ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटत नाही आणि तो पुन्हा समजावून सांगतो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकते. ‘तुला’, ‘ते’, ‘ती’ यांसाठीचा छोटा शब्द पहिल्या क्रियापदाच्या आधी ठेव किंवा दुसऱ्याला शेवटी चिकटव. ‘ते आकाबो दे यामार’ चालतं, ‘आकाबो दे यामार्ते’ही चालतं: मी तुला आत्ताच फोन केला. पण ‘दे’ आणि यामार यांच्यामध्ये तो कधीही घालू नकोस. बोल्बेर आला हाच नियम.

बोल्बेर लिहिताना त्यात दोनदा ‘व्ही’ असतो, पण कानाला ‘ब’च ऐकू येतो. याचं रूप मधेच बदलतं: बुएल्बो, बुएल्बेस, बुएल्बे, पण ‘आम्ही’साठी बोल्बेमोस. पुढे जागा आली तर ‘परत जाणं’ (बुएल्बो आ कासा, घरी परतते), क्रियापद आलं तर ‘पुन्हा करणं’ (बुएल्बो आ लेएर, पुन्हा वाचते). ‘पुन्हा’साठी ‘ओत्रा बेस’ हे शब्द तुला येतात, तेही चुकीचे नाहीत. पण नकारात बोल्बेरला तोड नाही. उशीर झाला आणि माफी मागायची असली तर ‘नो बुएल्बो आ येगार तार्दे’ म्हण. रूप वर्तमानाचं असलं तरी ऐकणाऱ्याला वचन ऐकू येतं: यापुढे उशीर करणार नाही.

सोलेरच्या पुढे ‘दे’ही नाही आणि ‘आ’ही नाही, थेट क्रियापद: ‘सुएलो कोमेर तार्दे’, मी सहसा उशिरा जेवते. पाऊस सहसा पडतो म्हणायलाही हेच, ‘सुएले योबेर’. याचे वापरातले काळ जवळजवळ दोनच: वर्तमान सुएलो आणि भूतकाळी सवयीचं सोलिया, म्हणजे आपलं ‘जेवायचे’, ‘जायचे’. भविष्यकाळ करायला जाऊ नकोस, आज्ञा तर नाहीच. एकदाच घडलेल्या किंवा मोजून सांगितलेल्या गोष्टीलाही सोलेर लागत नाही. ‘मी तिथे तीनदा गेले’ म्हणायचं असेल तर साधा भूतकाळ घे. आकडा आला की सवय संपली, असं समज.

तेनेर गानास दे म्हणताना मराठी पुन्हा आडवी येते. आपण म्हणतो ‘मला झोपावंसं वाटतं’, म्हणून मुलं ‘मे तेंगो गानास’ म्हणतात. तो ‘मे’ काढून टाक. स्पॅनिशमध्ये इच्छा माझ्याजवळ असते: ‘तेंगो गानास दे दोर्मिर’. ‘खूप’ म्हणायला मुय नव्हे, मुचास, कारण गानास हे अनेकवचनी नाम आहे. ‘मला’ची घडण तुला हवीच असेल तर ‘मे दान गानास दे’ आहे, तेव्हा इच्छा मनात येते असं होतं. पण ‘मे दा ला गाना’ पासून लांब राहा. ‘का केलंस?’ या प्रश्नाला तसं उत्तर म्हणजे ‘माझी मर्जी!’. घरमालकिणीला तर चुकूनही नाही. आणि इच्छा तुझी, पण करणारा दुसरा असेल तर रचना बदलते: ‘तेंगो गानास दे के बेंगास’, तू यावंस असं मला फार वाटतं. ‘के’ आलं की पुढे मूळ रूप नाही, संभाव्य रूप लागतं.

आता चारही एकत्र बघ. संध्याकाळी तू घरी आलीस आणि मला लिहिलंस: ‘आकाबो दे येगार आ कासा. सुएलो कोमेर तार्दे, पेरो ओय तेंगो गानास दे दोर्मिर. ला कासेरा बुएल्बे आ यामार.’ आत्ताच घरी पोचले. सहसा उशिरा जेवते, पण आज झोपावंसं वाटतंय. मालकीणबाई पुन्हा फोन करताहेत. महिन्याभराने तेच आठवून सांगायचं झालं तर: ‘आकाबाबा दे येगार आ कासा. सोलिया कोमेर तार्दे, पेरो आकेल दिया तेनिया गानास दे दोर्मिर. ला कासेरा बोल्बियो आ यामार.’

आकाबाबा, सोलिया, तेनिया ही तिन्ही अपूर्ण भूतकाळात गेली, कारण ती पाठीमागची परिस्थिती सांगतात. एकटं बोल्बियो पूर्ण भूतकाळात आहे, कारण फोन वाजला आणि गोष्ट पुढे सरकली. तिथे बोल्बिया म्हटलंस तर बाई सारख्या पुन्हा पुन्हा फोन करत होत्या असा अर्थ निघेल. तेनियाच्या जागी तूबे घातलंस तर झोप त्या क्षणी अचानक आल्यासारखी होईल.

निघायच्या आधी रोज रात्री दिवसभराच्या चार गोष्टी अशा दोनदा लिही, एकदा आत्ताच्या आणि एकदा आठवणीतल्या. दुसऱ्या वेळी लिहिताना फक्त पहिले शब्द बदलायचे, मागच्या ‘र’वाल्या शब्दांना हात लावायचा नाही. लिहिलेलं मला पाठव, मी तपासून देईन.