अस्तर धुण्याआधी

आमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेची. मुलीला रात्रपाळी लागली तेव्हा दिवसा तिला अंधार हवा म्हणून मी सुती पडदे शिवून घेतले आणि आतून ब्लॅकआउटचं अस्तर घट्ट शिवून टाकलं. वर्षभराने धूळ साचली, तेव्हा सगळेच पडदे मशीनमध्ये टाकले. कोमट पाणी, जोरात पिळणं आणि शेवटी ड्रायर.

ड्रायरमधून अस्तर घडीच्या घडी चिकटून बाहेर आलं. सोडवायला गेले तर लेप पापुद्र्यासारखा निघून हातात आला. उरलेला भाग उन्हासमोर धरला, तर त्यात सुईच्या टोकाएवढी असंख्य भोकं चमकत होती. भरीला सुती कापड आटलं. चौऱ्याऐंशी इंचांचा पडदा तीन इंचांनी आखूड झाला, पण अस्तर होतं तेवढंच राहिलं. शिवताना एक इंच वर ठेवलेलं अस्तर आता दोन इंच खाली लोंबायला लागलं आणि शिवणीपाशी कापडाला चुण्या पडल्या.

नंतर कापडवाल्याने मला अस्तराचा कापलेला काठ दाखवला. दोन पांढऱ्या थरांच्या मधे एक काळी रेघ होती. अंधार करतो तो हा लेपातला काळा थर. खालचं कापड नुसता आधार. उष्णतेने लेप मऊ होऊन चिकटतो आणि पिळताना घडीवर तडकतो. दुसरा प्रकार विणीतला: पॉलिएस्टरच्या धाग्यांमध्ये काळे धागे विणलेले असतात, लेप नसतो. काठ उसवला की काळा धागा सुटून येतो. हा थंड पाण्यात, हलक्या धुलाईत मशीनला चालतो आणि फारसा आटत नाही. मात्र फिक्या रंगात तो लेपाइतका गच्च अंधार करत नाही.

म्हणून लेपाचं अस्तर ओल्या फडक्याने पुसावं. धुवावंच लागलं तर थंड पाण्यात हाताने, न पिळता, आणि सावलीत लांब पसरून वाळवावं. ते पडद्याला न शिवता वेगळ्या पट्टीवर, हुकांवर अडकवावं, म्हणजे पडदा एकटा धुता येतो. सुती कापड मात्र शिवण्याआधी पाण्यातून काढायलाच हवं. ते न करणं हीच माझी मोठी चूक होती.

काचेलगतचा पातळ पडदाही मी आधी सुतीच घेतला होता. काच उन्हातले अतिनील किरण सगळे अडवत नाही, आणि विरळ विणीत प्रत्येक धागा उघडा पडतो. दुसऱ्या उन्हाळ्यात काचेकडच्या चुण्यांवरच तो उभा फाटत गेला. चिमटीत ताणला की धागा सहज तुटायचा. ऊन पॉलिएस्टरलाही लागतं, पण काचेआड तो सुतीपेक्षा बराच जास्त टिकतो. आता तिथे पांढरा पॉलिएस्टर आहे. तो उशीच्या अभ्र्यात घालून थंड पाण्यात धुते आणि ओलाच दांडीवर चढवते. स्वतःच्या वजनाने सरळ होतो, इस्त्री लागत नाही.