तक्रार खरी, चौकशी कच्ची



वाशीम जिल्ह्यातल्याच एका संस्थेत नोकरीला असताना मी एका वरिष्ठाविरुद्ध अंतर्गत तक्रार समितीकडे गेले. समितीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि घाईघाईने त्याला दोषी ठरवलं. अपिलात तो निर्णय रद्द झाला. माझ्या तक्रारीची प्रत त्याला दिलीच नव्हती आणि साक्षीदारांचे जबाब त्याच्या माघारी घेतले होते. चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि जे एकदा सांगताना जीभ जड झाली होती, ते मला पुन्हा सांगावं लागलं. म्हणून आज मी समितीत बसलेल्यांशी बोलणार आहे.

गोवा विद्यापीठातही असंच घडलं. 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने लागोपाठ सुनावण्या लावल्या, प्रकृतीच्या कारणावरून विभागप्रमुखांनी मागितलेली मुदत नाकारली आणि एकतर्फी अहवाल दिला. त्यांना नोकरीतून काढलं, उच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. चौदा वर्षांनी! त्या मुलींना पुन्हा बोलवायचं तरी कुठून?

2013 च्या कायद्याखालच्या नियमांत रस्ता स्पष्ट आहे. तक्रार लेखी घ्या, कागदपत्रांसह सहा प्रती. त्यातली एक, सात कामाच्या दिवसांत, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला द्या. उत्तरासाठी त्याला दहा कामाचे दिवस मिळतात. त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारायचे असतील, तर माझ्या मते ते लेखी घेऊन समितीने विचारावेत, म्हणजे बाईला त्याच्यासमोर बसावं लागत नाही. तो येतच नसेल, तर सलग तीन सुनावण्या सबळ कारणाविना चुकल्यावर आणि पंधरा दिवसांची लेखी सूचना दिल्यावरच एकतर्फी निर्णय करता येतो.

“एवढे दिवस ती त्याच्याच हाताखाली राहणार का?” हा प्रश्न समितीला घाई करायला लावतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र कायद्यात वेगळं आहे. तिने लेखी मागणी केली, तर चौकशी सुरू असतानाच समिती दोघांपैकी कोणाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा सुचवू शकते, आणि ती रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. माझ्या वेळी ही मागणी करता येते, हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही तक्रार हातात घेताच सांगा.

चौकशीसाठी नव्वद दिवस आहेत. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य लागतात. रिसोडहून येणाऱ्या बाहेरच्या सदस्यांची बस चुकली आणि दोघेच उरलात, तर जबाब उरकू नका, पुढची तारीख लेखी द्या.